घड्याळाच्या काट्यामागे चालणारी पलटण

पहिल्या महायुद्धातल्या तोफांबद्दल बोलताना आकडे सांगायची सवय आपल्याला लागली आहे. इतक्या हजार तोफा, इतके लाख गोळे, इतके दिवस अखंड मारा. या आकड्यांनी वाचक दबून जातो आणि तोफांचे काम शत्रूला चिरडण्याचे, पायदळाचे काम उरलेल्या ढिगाऱ्यावर जाऊन उभे राहण्याचे, अशी त्याची समजूत होते. पुढच्या प्रकरणांचा विषय असलेला सरकता भडिमार या समजुतीने कळत नाही. १९१५ ते १९१८ या काळात गोलंदाजांनी हे तंत्र घडवले ते त्या समजुतीचा सपशेल पराभव झाल्यावर. शत्रूला आधी नष्ट करायचे आणि मग चालत जायचे, हे जमत नाही असे दिसून आले. तेव्हा प्रश्न बदलण्यात आला: शत्रू जिवंत राहणारच असेल, तर आपला माणूस त्याच्या खंदकाच्या कडेवर पोहोचेपर्यंत त्याला डोके वर काढू द्यायचे नाही, एवढे तरी साधता येईल का? सरकत्या भडिमाराचे मोजमाप म्हणूनच दारूगोळ्याच्या टनांत करता येत नाही. एका ठिकाणी शेवटचा गोळा पडल्यापासून तिथे आपला पहिला सैनिक पोहोचेपर्यंत किती सेकंद किंवा मिनिटे गेली, हे त्याचे खरे माप आहे. या प्रस्तावनेत मला एवढेच मांडायचे आहे. पुराव्यासाठी मी मुद्दाम मराठी पलटणींच्या वाट्याला आलेली रणांगणे निवडली आहेत, कारण फ्रान्सच्या चिखलाबाहेर हे तंत्र कसे वागले ते तिथे अधिक स्पष्ट दिसते.

आधी पराभवाबद्दल. १ जुलै १९१६ रोजी सोम नदीच्या परिसरात ब्रिटिश पायदळ उठले, त्याआधी सात दिवस तोफा चालू होत्या आणि सुमारे पंधरा लाख गोळे टाकून झाले होते. जर्मन सैनिक मात्र जमिनीखाली खोल खणलेल्या खोल्यांत बसून होते. मारा पुढच्या रेषेवर गेला तसे ते पायऱ्या चढून वर आले आणि त्यांनी मशीनगन मांडल्या. पायदळ तेव्हा दोन खंदकांमधल्या मोकळ्या जमिनीवर होते. निकाल लागला तो या शर्यतीवर. वर येऊन मशीनगन मांडायला दोन-तीन मिनिटे पुरतात आणि ओझे घेतलेल्या माणसाला खड्ड्यांतून, तारांतून तीन-चारशे मीटर जायला त्याहून बराच जास्त वेळ लागतो. माऱ्याचे सात दिवस चौदा केले असते तरी शर्यतीचे हे गणित बदलले नसते. उलट जमीन जास्त फुटली असती आणि चालणारा माणूस आणखी मंद झाला असता. त्याच दिवशी काही डिव्हिजनांनी मात्र मारा एका उडीत मागच्या खंदकावर न नेता थोडाथोडा पुढे सरकवला आणि पायदळाला त्याच्या पाठोपाठ पाठवले. त्यांना यश मिळाले ते शर्यतीतले अंतर कमी झाले म्हणून.

तंत्र सांगायला सोपे आहे. हल्ल्याच्या आघाडीवर प्रत्येक तोफेला एक अरुंद पट्टी वाटून दिलेली असते. ठरलेल्या वेळी सर्व तोफा एका रेषेवर मारा सुरू करतात, काही मिनिटांनी नेम पन्नास किंवा शंभर यार्डांनी वाढवतात (यार्ड म्हणजे मीटरहून जरासे कमी) आणि असे करत पुढे जातात. प्रत्येक गोलंदाज तुकडीकडे कोणत्या मिनिटाला कोणता पल्ला, याचा तक्ता असतो. पायदळाच्या अधिकाऱ्यांची घड्याळे आदल्या रात्री तोफखान्याच्या घड्याळांशी जुळवलेली असतात. पायदळाने स्फोटांच्या रेषेपासून पन्नास ते शंभर यार्डांवर राहायचे असते. काबीज करायच्या ठिकाणाच्या पुढे मारा काही वेळ थांबून राहतो. त्यामुळे मागच्यांना सावरायला वेळ मिळतो आणि शत्रूला प्रतिहल्ला करता येत नाही. मग रेषा पुन्हा हलते. पुष्कळदा हलण्याची खूण म्हणून धुराचे गोळे टाकत, कारण त्या गदारोळात आज्ञा ऐकू येत नाहीत.

यातला सर्वात अवघड भाग म्हणजे स्फोटांपासून शंभर यार्डांवर चालणे. इथे गोळ्याचा प्रकार निर्णायक ठरतो. ब्रिटिश फौजेची नेहमीची मैदानी तोफ अठरा पाउंडी होती आणि तिच्या श्रॅपनेल गोळ्यात शिशाच्या पावणेचारशेच्या आसपास गोळ्या भरलेल्या असत. वेळेचा फ्यूज लावलेला हा गोळा हवेत फुटतो आणि गोळ्यांचा झोत प्रवासाच्याच दिशेने, म्हणजे पुढे फेकतो. मागून येणाऱ्या माणसाला तो त्यामानाने कमी धोक्याचा असतो. स्फोटक भरलेल्या गोळ्याचे तुकडे मात्र चारी बाजूंना उडतात, त्यामुळे अंतर जास्त ठेवावे लागते आणि अंतर वाढले की शर्यत पुन्हा हातची जाते. पण श्रॅपनेलने जमिनीखालची खोली फुटत नाही. आत बसलेला माणूस जिवंत राहतो, फक्त वर येत नाही. गोलंदाजांना हे पुरते ठाऊक होते आणि तरी त्यांनी श्रॅपनेल वापरले. शत्रूला मारणे हा या माऱ्याचा हेतूच नव्हता, याचा याहून थेट पुरावा मला दुसरा दिसत नाही.

इथे पहिला आक्षेप येतो आणि तो योग्य आहे: अशाने आपलीच माणसे आपल्या गोळ्यांनी मरणार नाहीत का? मरत होती. एकाच तोफेतून, एकाच कोनात उडवलेले गोळे एकाच जागी पडत नाहीत. ते विखुरतात, आणि आडवे विखुरण्यापेक्षा माऱ्याच्या दिशेने लांबट विखुरतात. तोफा पायदळाच्या सरळ मागे असल्या तर ही लांबट चूक नेमकी आपल्याच माणसांच्या अंगावर येते. त्यात झिजलेल्या नळीतून गोळ्याचा वेग घटतो, थंडीत दारूचा जोर कमी होतो, समोरून वारा असेल तर पल्ला आखडतो. म्हणून युद्धाच्या उत्तरार्धात प्रत्येक तोफेचा वेग स्वतंत्र मोजून दुरुस्तीचे आकडे तक्त्यात घालू लागले आणि हवामानाचे अहवाल ठराविक वेळाने बॅटऱ्यांना मिळू लागले. पायदळालाही गफलत ओळखण्याची एक रीत होती. आखूड पडणारे गोळे पुन्हा पुन्हा एकाच पट्टीत येत असतील तर दोष एका तोफेचा. सगळ्या रेषेवर येत असतील तर एक तर तक्ता चुकला, नाही तर आपण वेळेआधी पुढे आलो. इतके करूनही काही माणसे जात. सेनाधिकाऱ्यांनी हा सौदा उघड्या डोळ्यांनी केला होता, आणि तो क्रूर असला तरी अविचारी नव्हता. मशीनगनसमोर उघड्यावर सापडलेल्या कंपनीचे नुकसान काही आखूड गोळ्यांनी होणाऱ्या नुकसानीपेक्षा कितीतरी मोठे असे.

आता पॅलेस्टाइनकडे वळू. १९ सप्टेंबर १९१८ रोजी पहाटे साडेचार वाजता जनरल ॲलनबी यांच्या फौजेने भूमध्य समुद्रालगतच्या शेरॉनच्या मैदानात हल्ला सुरू केला. हल्ला करणाऱ्या एकविसाव्या कोअरमध्ये लाहोर डिव्हिजन होती आणि तिच्या नवव्या ब्रिगेडमध्ये १०५वी मराठा लाइट इन्फंट्री. १७६८ साली मुंबई इलाख्यात उभी राहिलेली ही पलटण आज मराठा लाइट इन्फंट्रीची दुसरी बटालियन आहे आणि ‘काळी पाचवी’ या नावाने ओळखली जाते. आधी दिवसेंदिवस मारा करून शत्रूला सावध करायचे नाही, असे ठरले होते. तोफांचा पहिला आवाज आणि पायदळाचे पहिले पाऊल यांत अंतरच ठेवलेले नव्हते. समोर तुर्की फौजेचे सुमारे ८,००० पायदळ आणि १३० तोफा, तर हल्लेखोरांकडे ३५,००० पायदळ आणि ३८३ तोफा होत्या. मैदानी तोफांच्या सरकत्या माऱ्याचा पडदा जागेनुसार मिनिटाला पन्नास, पंच्याहत्तर किंवा शंभर यार्डांनी पुढे सरकत गेला. जड तोफांनी शत्रूच्या बॅटऱ्यांना गुंतवून ठेवले.

मिनिटाला शंभर यार्ड हा वेग किती होता हे कळायला फ्रान्सकडे पाहावे लागते. एप्रिल १९१७ मध्ये विमीच्या टेकडीवर कॅनडाच्या सैन्याचा पडदा शंभर यार्ड जायला तीन मिनिटे घेत होता. त्याच वर्षी शरदात पॅशनडेलच्या दलदलीत हाच काळ आठ मिनिटांपर्यंत गेला, कारण माणसाला पाय उपसत चालावे लागत होते. शेरॉनमध्ये उन्हाळा संपत आला होता, जमीन कोरडी होती, तारा विरळ होत्या, आणि पूर्वतयारीचा मारा न केल्याने जमीन फुटलेली नव्हती. पडद्याचा वेग तोफखान्याच्या इच्छेवर कधीच नसतो. भरलेली बंदूक, पाण्याची बाटली, बॉम्बची पिशवी आणि खणायचे हत्यार घेतलेला माणूस त्या जमिनीवर किती भराभर चालू शकेल, यावर तो ठरतो. समुद्राकडच्या टोकाला असलेल्या साठाव्या डिव्हिजनने पहिल्या अडीच तासांत सुमारे सात हजार यार्ड मजल मारली. पश्चिम आघाडीवर तेवढ्या जमिनीसाठी कित्येक महिने गेले होते. लाहोर डिव्हिजन तुर्कांची रेषा फोडून पूर्वेकडे जिलजुलियाच्या दिशेने वळली आणि उघडलेल्या दारातून घोडदळ आत शिरले.

दुसरा आक्षेप इथेच उभा राहतो. संख्या चौपट, तोफा तिप्पट, समोरचे सैन्य उपाशी आणि थकलेले. मग यश पडद्याचे की संख्येचे? संख्येचा वाटा मी नाकारत नाही. पण आकडे जरा जवळून पाहा. आघाडी सुमारे पंधरा मैलांची होती, म्हणजे सगळ्या तोफा ओळीने मांडल्या तरी प्रत्येकीच्या वाट्याला साठ-सत्तर यार्ड आले असते. विमीला चार मैलांच्या आघाडीवर साडेनऊशेहून जास्त तोफा होत्या. त्या मानाने शेरॉनचा पडदा अगदी झिरझिरीत होता. शत्रूला चिरडणे हाच माऱ्याचा उपयोग असता तर इतका विरळ मारा निष्फळ ठरायला हवा होता. तो पुरला, कारण काम काही मिनिटांपुरतेच होते आणि कोरड्या जमिनीवर पायदळ त्या मिनिटांत पोहोचू शकत होते. संख्याबळ असूनही सोमला जे साधले नाही ते इथे कमी दारूगोळ्यात साधले, एवढी गोष्ट तरी संख्येच्या हिशेबात बसत नाही.

शेरॉनमध्येच या तंत्राची एक मर्यादाही दिसते. अठरा पाउंडी तोफेचा पल्ला साधारण सहा किलोमीटर. तोफा आपल्या रेषेच्या दीड-दोन किलोमीटर मागे असतात, त्यामुळे पडदा शत्रूच्या हद्दीत फार तर चार किलोमीटर जाऊ शकतो. ट्रॉम्बेच्या कोळीवाड्यातून मानखुर्द स्टेशनपर्यंत चालत जावे, जवळपास तेवढेच. त्यापुढे एक तर तोफा घोड्यांना जुंपून पुढे आणायच्या किंवा पायदळाने पडद्याविना जायचे. शिवाय गोळे पुरवण्याचा प्रश्न असतो. एक तोफ मिनिटाला तीन-चार गोळे उडवते असे धरले, तर सहा तोफांची बॅटरी चाळीस मिनिटांत सातशे ते साडेनऊशे गोळे संपवते. एक गोळा आठ किलोहून जड, म्हणजे एका बॅटरीच्या पाऊण तासाच्या कामासाठी सहा ते आठ टन लोखंड आणि शिसे आधी गुपचूप आणून, झाकून ठेवावे लागते. पडदा फाटला की दुसऱ्या दिवशी तोच प्रयोग पुढच्या रेषेवर करता येत नाही, याचे कारण हेच. शेरॉनमध्ये दुसऱ्या दिवसाची गरज पडली नाही ती घोडदळामुळे.

तिसरा आक्षेप मला सर्वात वजनदार वाटतो. वेळापत्रकाला डोळे नसतात. पायदळ अडले तर पडदा थांबत नाही, तो निघून जातो. मग तक्त्याऐवजी पायदळाच्या मागणीनुसार तोफा का चालवत नाहीत? १९१८ साली उत्तर सोपे होते. टेलिफोनच्या तारा पहिल्या काही मिनिटांत तुटत, वायरलेस संच सोबत नेण्याजोगे नव्हते, आणि निरोप्या धावत मागे पोहोचेपर्यंत परिस्थिती बदललेली असे. पण दुसऱ्या महायुद्धात वायरलेस आले, तरी मोठ्या हल्ल्यात वेळापत्रक टिकलेच. कारण अडचण निरोपाची नव्हती, आघाडीच्या वेड्यावाकड्या आकाराची होती. एक कंपनी अडते तेव्हा तिच्या शेजारची पुढे गेलेली असते. अडलेल्यांसाठी पडदा मागे आणला तर पुढे गेलेल्यांवर गोळे पडतात. शेकडो तोफांच्या माऱ्यात कोणती पट्टी थांबवायची, कोणती मागे आणायची, हे अंधारात आणि धुरात ठरवणार कोण?

११ मे १९४४ च्या रात्री इटलीत कॅसिनोच्या दक्षिणेला गारी नदीवर पायदळ असेच अडले आणि पडदा पुढे निघून गेला. आठव्या भारतीय डिव्हिजनने होड्यांतून नदी ओलांडायला सुरुवात केली. एकविसाव्या ब्रिगेडमधली पहिली मराठा बटालियन, जंगी पलटण, याच डिव्हिजनची. हजाराहून जास्त तोफांच्या साथीने हल्ला सुरू झाला होता. पण प्रवाह जोराचा होता, होड्या वाहून गेल्या किंवा बुडाल्या, धुके आणि धूर एकत्र होऊन हातभर अंतरावरचेही दिसेना. गणित मांडून पाहा. पडदा दोन मिनिटांत शंभर यार्ड सरकतो असे धरले आणि कंपनीला नदीवर दहा मिनिटे उशीर झाला, तर ती पाय टेकते तेव्हा पडदा आणखी पाचशे यार्ड पुढे गेलेला असतो आणि मधल्या पट्ट्यातले सगळे मशीनगनवाले सावरून बसलेले असतात. गारीच्या पलीकडच्या काठावर असेच झाले. सकाळी आठव्या पंजाब रेजिमेंटच्या तिसऱ्या बटालियनची वाट चार मशीनगन ठाण्यांनी अडवली. कमल राम या एकोणीस वर्षांच्या शिपायाने ती ठाणी मोडून काढण्यात पुढाकार घेतला आणि त्याला व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. शौर्याच्या अशा नोंदी वाचताना मला नेहमी मागचा तक्ता पाहावासा वाटतो. एका माणसाला ठाणी एकट्याने मोडावी लागली, त्या अर्थी त्या ठिकाणी पडदा आणि पायदळ यांची ताटातूट झाली होती.

जर्मनांनी या ताटातुटीचे शास्त्रच केले होते. १९१७ पासून ते पुढच्या खंदकात मोजकी माणसे ठेवत, मशीनगन खोलवर विखरून मांडत आणि प्रतिहल्ल्याच्या तुकड्या पडद्याच्या पल्ल्याबाहेर राखत. पडदा संपतो तिथे पायदळ दमलेले आणि एकटे सापडेल, हा त्यांचा हिशेब होता. दुसरा उपाय भूगोलाचा: टेकडीच्या किंवा बांधाच्या पलीकडच्या उतारावर बसायचे, म्हणजे सपाट मार्गाने येणारे गोळे डोक्यावरून निघून जातात.

इटलीतलीच सेनिओ नदी म्हणजे असा बांधच होता. पात्र अरुंद, पण दोन्ही काठांना पुरासाठी बांधलेले उंच तट, आणि त्यांच्या पोटात जर्मनांची ठाणी खणलेली. ९ एप्रिल १९४५ रोजी ब्रिटिश आठव्या सैन्याने इथे पडद्याची जुनी कल्पना उलटी वापरली. मारा थांबला की हल्ला येतो, हे शत्रू तीस वर्षांत शिकला होता. म्हणून दुपारपासून चार तास तोफा चालल्या, आणि मध्ये मध्ये दहा-दहा मिनिटे मुद्दाम थांबल्या. प्रत्येक वेळी जर्मन वर येत आणि पुन्हा माऱ्यात सापडत. संध्याकाळी सात वाजून वीस मिनिटांनी शेवटचा मारा थांबला तेव्हा लढाऊ विमानांनी बॉम्ब न टाकता नुसत्याच झेपा घेतल्या, ज्वाला फेकणारी वाहने पुढे आली आणि पायदळ तटावर चढले. हेतू मात्र तोच होता. शत्रूला ठार करण्यापेक्षा त्याचे डोके नेमक्या काही मिनिटांपुरते खाली ठेवायचे.

ते सगळीकडे साधले नाही. जंगी पलटणीची एक छोटी तुकडी पूर्वेकडच्या तटावर जवळजवळ संपली. कंपनीचा निरोप्या असलेला संगमनेर तालुक्यातल्या निमज गावचा नामदेव जाधव हा शिपाई दोन जखमींना खोल पाण्यातून आणि सुरुंगांच्या पट्ट्यातून सुरक्षित ठिकाणी घेऊन गेला, मग परतून त्याने तीन मशीनगन ठाणी नष्ट केली आणि तटावर चढून, युद्धघोष देत उरलेल्या कंपन्यांना पुढे बोलावले. त्याला व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. त्याच संध्याकाळी थोड्या अंतरावर इतर पलटणी बऱ्याच कमी नुकसानीत पार गेल्या. तोफखाना तोच, वेळ तीच. फरक होता तो तटाच्या पोटात त्या विशिष्ट जागी किती ठाणी शाबूत राहिली आणि ती सावरण्याआधी कोण तिथे पोहोचले, याचा. पुढच्या प्रकरणांत प्रत्येक लढाईचा तक्ता आणि पायदळाच्या नोंदवहीतल्या वेळा शेजारी शेजारी दिल्या आहेत. नकाशावरच्या बाणांपेक्षा त्या दोन रकान्यांतल्या मिनिटांचा फरक आधी पाहावा.

ट्रॉम्बे, मुंबई